शिळ्या भाताला ऊत!

पोट भरलेलं असतं, तरी मोठं आतडं उपाशी राहू शकतं. फ्रिजमधल्या कालच्या भाताचा आणि उकडून गार केलेल्या बटाट्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

दुपारचा सव्वा वाजला की कुठल्याही ऑफिसच्या पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हपुढे रांग लागते. त्या रांगेत ज्याच्या डब्यात कालचा भात असतो, तो झाकण जरा तिरकंच उघडतो. शेजारच्याला दिसायला नको ना! शिळं म्हणजे गरिबीचं, आळसाचं, बॅचलर लाइफचं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि दुसऱ्या टोकाला ते मोबाइलवर फिरणारे मेसेज. भात गार करून खा, वजन उतरेल, शुगर पळेल, कॅन्सर जवळ फिरकणार नाही वगैरे वगैरे. खरं काय ते या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे.

मला हा विषय भेटला तो कुठल्या डाएट वर्कशॉपमध्ये नाही. भेटला पळसदेवच्या मामांमुळे.

पळसदेव म्हणजे पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण सोडलं की इंदापूरच्या अलीकडे लागणारं गाव. जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं आणि माणसं वर येऊन वसली. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ बाहेर येतं आणि पुण्या-मुंबईचे फोटोवाले कॅमेरे घेऊन धावतात. चहूकडे ऊस, पाण्यात मासे. ताटात मुख्य भाकरी. भात असतो, पण तो शेवटी आणि दह्याबरोबर. रात्रीचा उरला तर सकाळी फोडणीचा.

पोट भरलंय, आतडं उपाशी

दोन वर्षांपूर्वी मामांना गुदाशयाचा कॅन्सर निघाला. पुण्यात ऑपरेशन झालं, गाठ काढली, आतड्याची दोन टोकं जोडली. नवा जोड अगदी खाली होता. तो भरून येईपर्यंत त्यावरून मळ जायला नको, म्हणून सर्जननी लहान आतड्याचा शेवटचा भाग पोटाच्या कातडीवर बाहेर आणला आणि तिथे पिशवी लावली. चार महिन्यांसाठी. म्हणजे मामा जेवत होते, लहान आतडं पचवत होतं, आणि उरलेलं सगळं मोठ्या आतड्यात न जाता थेट पिशवीत जमा होत होतं. मोठं आतडं जागेवर, रक्तपुरवठा चालू, पण रस्ता बंद. वापरात नसलेल्या जुन्या गाडीरस्त्यासारखं.

तिसऱ्या महिन्यात खालून आव पडायला लागली. कधी तिच्यात रक्ताची पुसट रेघ. घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला. कॅन्सर परत आला की काय? कुणी मोठ्याने बोललं नाही, पण मामी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. डॉक्टरांनी दुर्बीण टाकून पाहिलं. गाठ नव्हती. पण आतड्याचं अस्तर लाल झालेलं, सुजलेलं, आणि दुर्बिणीचा धक्का लागला तरी रक्त येईल इतकं नाजूक. तुकडा तपासायला पाठवला, त्यातही कॅन्सर नव्हता. ही वळवलेल्या आतड्याची सूज, असं डॉक्टर म्हणाले. वरून माल येणं थांबलं की बऱ्याच जणांना होते. या अस्तराच्या पेशी उपाशी आहेत.

मामा खाटेवर उठून बसले. ‘‘आवं डाक्टर, मी दोन टाइम जेवतुय. पोट भरलंय, मग आतडं उपाशी कसं?’’

त्याचं उत्तर फार मजेशीर आहे. शरीरातल्या बहुतेक पेशींना जेवण रक्तातून घरपोच मिळतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींनाही रक्तातून ऑक्सिजन आणि थोडीफार शिधासामग्री मिळते. पण त्यांचं आवडतं इंधन आतड्याच्या पोकळीतूनच येतं आणि ते तयार करतात तिथे राहणारे जिवाणू. या इंधनाचं नाव ब्युटिरेट. विल्यम रोडिगर या संशोधकाने १९८० साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या माणसाच्या आतड्यातून या पेशी वेगळ्या केल्या आणि त्या काय जाळतात ते मोजलं. ब्युटिरेट उपलब्ध असलं की त्यांचा सुमारे सत्तर टक्के ऑक्सिजन ते जाळण्यातच खर्च होत होता. ग्लुकोज शेजारी ठेवलं तरी पसंती ब्युटिरेटलाच!

१९८९ मध्ये अमेरिकेत मामांसारखाच त्रास असलेल्या चार रुग्णांना, बंद पडलेल्या आतड्यात खालून ब्युटिरेटसारख्या आम्लांचं मिश्रण सोडून पाहिलं. अस्तर सुधारलं. नंतरच्या एका छोट्या चाचणीत मात्र अशा आम्लांचं मिश्रण देऊनही तसा फरक पडला नाही, त्यामुळे ते काही हुकमी औषध नव्हे. हमखास उपाय एकच. रस्ता पुन्हा चालू करायचा.

आता पुढचा प्रश्न. जिवाणू ब्युटिरेट तयार करतात, पण कशापासून? लहान आतडं जे पचवू शकलं नाही, त्यापासून. आणि इथे आपला शिळा भात स्टेजवर येतो.

भात गार होतो म्हणजे काय होतं?

तांदूळ काय, बटाटा काय, दोन्हींत मुख्य माल स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. त्यातल्या काही सरळ, त्यांना अॅमायलोज म्हणतात. काही झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, त्या अॅमायलोपेक्टिन. कच्च्या दाण्यात या साखळ्या घट्ट गुंडाळून ठेवलेल्या असतात. पाणी घालून उकळलं की दाणा पाणी पितो, फुगतो, साखळ्या सैल होतात. म्हणून गरम भात मऊ. आणि म्हणूनच तो झटपट पचतो, कारण आपल्या पाचकरसांना सैल साखळी तोडणं फार सोपं.

भात गार व्हायला लागला की साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ सरकतात, ओळीने लागतात आणि कडक स्फटिकासारख्या घड्या घालून बसतात. सरळ अॅमायलोजच्या घड्या काही तासांत बसतात. फांद्यांवाल्या अॅमायलोपेक्टिनला जास्त वेळ लागतो, दिवस दिवससुद्धा. या घट्ट घडीत पाचकरस शिरू शकत नाही, आणि तेवढा स्टार्च लहान आतडं न पचवता पुढे सोडून देतं. पचनाला दाद न देणारा म्हणून तो रेझिस्टंट स्टार्च.

हे बघायला लॅब लागत नाही. फ्रिजमधून काढलेला भात बोटाने दाबून पाहा. काल मऊ असलेलं शीत आज कडक, जरा ठिसूळ लागतं. तो कडकपणा म्हणजेच या घड्या. चिकट, आसट होणाऱ्या तांदळात अॅमायलोज कमी असतं, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशीही बराच मऊ राहतो आणि त्यात रेझिस्टंट स्टार्चही कमी बनतो. जो तांदूळ शिजल्यावर दाणा दाणा मोकळा राहतो, तो गार झाल्यावर जास्त कडक होतो. फोडणीच्या भाताला मोकळा भातच बरा, असं मामी म्हणतात ते चवीसाठी. पण त्याच मोकळ्या भातात घड्याही जास्त बसतात.

मग परत गरम केला तर सगळं मुसळ केरात? नाही. अॅमायलोपेक्टिनच्या घड्या साठेक अंशालाच उलगडतात, तेवढा फायदा जातो. पण अॅमायलोजच्या घड्या मोडायला १२० अंशांच्याही वर जावं लागतं. कढईतला किंवा मायक्रोवेव्हमधला ओलसर भात शंभरच्या आसपासच राहतो. म्हणून फोडणी देऊनही बराचसा रेझिस्टंट स्टार्च टिकतो. गार भात गारच गिळायची शिक्षा कुणी केलेली नाही!

पिशवीत सापडलेला बटाटा

हा स्टार्च खरोखर पचत नाही, हे कळलं कसं? तर मामांच्या पोटावर होती तशाच पिशवीमुळे. ज्यांचं मोठं आतडं काढलेलं आहे आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर आहे, अशा लोकांना एखादा पदार्थ मोजून खायला द्यायचा आणि पिशवीत काय उतरतं ते तपासायचं. लहान आतड्याने काय पचवलं आणि काय सोडलं, त्याचा चोख हिशेब समोर येतो.

केंब्रिजच्या हान्स इंग्लिस्ट आणि जॉन कमिंग्ज यांनी १९८७ साली बटाट्यावर हेच केलं. ताज्या गरम बटाट्यातला जेमतेम तीन टक्के स्टार्च न पचता पिशवीत आला. तोच बटाटा शिजवून गार करून दिला, तर आकडा बारा टक्क्यांवर गेला. गार करून पुन्हा गरम केलेला बटाटा या दोघांच्या मधे होता. बटाटा तोच, माणसं तीच. बदललं ते फक्त तापमान. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते पिशवीकडे बघत म्हणाले, ‘‘म्हंजी हे शास्त्र आमच्याच पिशवीतून निघालं म्हणायचं.’’

भाताचे आकडे आले इंडोनेशियातून. २०१५ साली छापलेल्या तिथल्या अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात दर १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च निघाला. भात २४ तास फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवून परत गरम केला तेव्हा १.६५ ग्रॅम. पंधरा निरोगी माणसांना हे दोन्ही भात देऊन पाहिले, तर गार करून गरम केलेल्या भाताने रक्तातली साखर कमी चढली.

आतली पंगत

मोठ्या आतड्यात पोचल्यावर या स्टार्चचं काय होतं, ते एका साखळी उद्योगासारखं आहे. घट्ट घडी उलगडण्याचं अवघड काम तिथल्या सगळ्याच जिवाणूंना जमत नाही. ते जमतं मुख्यतः रुमिनोकॉकस ब्रोमिआय नावाच्या एका जिवाणूला. तो घडी फोडतो, साखरेचे बारीक तुकडे मोकळे करतो. गंमत म्हणजे तो स्वतः ब्युटिरेट बनवत नाही. पण त्याच्या पानावरून सांडलेल्या तुकड्यांवर आजूबाजूचे जिवाणू जगतात. युबॅक्टेरियम रेक्टेल हे त्यातलं एक नाव. हे शेजारी ते तुकडे आंबवतात आणि ब्युटिरेट सोडतात. अस्तराच्या पेशी ते उचलतात आणि तिथल्या तिथे जाळतात, रक्तात फार थोडं पोचतं.

त्या जाळण्यातून आणखी एक काम होतं. पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे तो आतड्याच्या पोकळीत झिरपत नाही. ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन बिलकूल चालत नाही. म्हणजे पेशींनी खाल्लं तर जिवाणू टिकतात, आणि जिवाणू टिकले तर पेशींना खायला मिळतं. मामांच्या बंद आतड्यात ही देवाणघेवाणच थांबली होती.

पण प्रत्येकाच्या आतड्यात ही पंगत सारखी बसत नाही. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन इथल्या शास्त्रज्ञांनी चौदा पुरुषांना रेझिस्टंट स्टार्चचा आहार दिला. बहुतेकांच्या आतड्यात तो जवळपास पूर्ण आंबवला गेला. दोघांच्या बाबतीत मात्र निम्म्याहून जास्त स्टार्च जसाच्या तसा बाहेर पडला. त्या दोघांमध्ये हा ब्रोमिआय जवळजवळ नव्हताच. घडी उलगडणारा आचारीच नसेल तर पंगत बसणार कशी? म्हणूनच एकाला गार भाताने बरं वाटतं आणि दुसऱ्याला काही फरकच जाणवत नाही. तिसऱ्याचं पोट गॅसने फुगतं, कारण आंबवताना गॅस होणारच. एकदम दोन वाट्या वाढवण्यापेक्षा अर्ध्या वाटीने सुरुवात केली तर हा त्रास कमी होतो.

आता गणित मांडू या

समजा तुम्ही डब्यात २०० ग्रॅम शिजलेला भात नेता. ताजा असेल तर त्यात रेझिस्टंट स्टार्च साधारण १.३ ग्रॅम. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून गरम केलेला असेल तर ३.३ ग्रॅम. फायदा झाला दोन ग्रॅमचा. भातातला बाकी सगळा स्टार्च नेहमीसारखाच पचतो आणि साखर होऊन रक्तात जातो. डायबेटिस असलेल्याने गार भात म्हणून दुप्पट वाढून घेतला, तर तोटाच.

दुसरी बाजू पाहा. आनुवंशिक कारणाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका खूप जास्त असलेल्या नऊशेहून अधिक लोकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज ३० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च पावडरीतून दिला, काहींना चार वर्षांपर्यंत. २०२२ मध्ये त्यांची दीर्घकाळची नोंद जाहीर झाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण कमी झालेलं नव्हतं. कमी दिसले ते इतर अवयवांचे, विशेषतः पचनमार्गाच्या वरच्या भागातले कॅन्सर. ते का, हे अजून उलगडायचं आहे. आणि तो ३० ग्रॅमचा डोस गार भातातून घ्यायचा म्हटलं तर रोज १८०० ग्रॅम भात खावा लागेल. पावणेदोन किलोच्या वर! तेव्हा ‘शिळा भात खा, कॅन्सर टाळा’ असा मेसेज आला तर पुढे ढकलण्याआधी हे गणित आठवा.

मग दोन ग्रॅमचा उपयोग काय? ते दोन ग्रॅम फुकट आहेत. नवा पदार्थ नाही, पावडर नाही, जास्तीचा घास नाही. जो भात तुम्ही खाणारच होता, त्यातलाच थोडा भाग आता तुमच्याऐवजी तुमच्या आतड्याच्या अस्तराला मिळतो. त्यात उकडून गार केलेल्या बटाट्याची दह्यातली कोशिंबीर घाला, मटकी-हरभऱ्याची उसळ घाला. कडधान्यांतही हा स्टार्च असतो आणि शिवाय इतर तंतूही. मग आकडा जरा दिसण्याजोगा होतो.

फ्रिजमध्ये ठेवताना

भात उकळला तरी बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूची बीजं मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर कोमट राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. भाताला वास येईलच असंही नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात, तेव्हा कळतं. म्हणून

• भात झाला की परातीत पातळ पसरा. वाफ गेली की डब्यात भरा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. कुकरमध्ये झाकून रात्रभर ठेवलेला भात फोडणीला घेऊ नका.

• दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करायचा तर पूर्ण वाफ येईपर्यंत, आणि एकदाच.

• उकडलेल्या बटाट्यालाही हाच नियम.

• आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, पिशवी असेल किंवा आतड्याला सूज असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पिशवी असताना गार भात कितीही खाल्ला तरी तो बंद आतड्यापर्यंत पोचतच नाही.

मामांची पिशवी पाचव्या महिन्यात निघाली. पहिले काही आठवडे हाल होते, दिवसात दहा-दहा वेळा जावं लागायचं. हळूहळू बसलं. आव थांबली. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकली तेव्हा अस्तर गुलाबी, ओलसर, धक्का लागला तरी रक्त नाही. या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात, त्यामुळे रसद सुरू झाली की डागडुजीही लवकर होते.

आता मामा भेटेल त्याला सांगतात की मी दहीभातावर बरा झालो. मामी ते ऐकून घेतात आणि मग मला हळूच म्हणतात, ‘‘भाकरी, मटकी, शेपूची भाजी मी रोज करती, त्याचं नाव न्हाई. आन् क्रेडिट त्या वाटीभर भाताला!’’

डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनीही मामींचीच बाजू घेतली असती.